चिपाडातलं पाणी आणि पाच पानांची सूची

पुण्यातल्या परीक्षा केंद्रावर रविवारी दुपारी दोन वाजता चौथा पेपर हातात पडला, तेव्हा माझ्या बाकाशेजारी दोन गच्च भरलेल्या पिशव्या होत्या. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची चार मार्गदर्शक पुस्तकं, कॉलेजमधलं थर्मोडायनॅमिक्स, वाफेचे तक्ते, आधीच्या वर्षांच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स आणि माझ्या तीन वह्या. एनर्जी ऑडिटरच्या परीक्षेतले पहिले तीन पेपर नेहमीसारखे, पुस्तकं बाहेर ठेवून द्यायचे. चौथा पेपर मात्र ओपन बुक. यंत्रांची कार्यक्षमता मोजण्याचा हा पेपर, त्यामुळे जवळजवळ सगळी गणितंच. काय हवं ते घेऊन बसा, असं सांगितलेलं असल्यामुळे मी खरोखरच काय हवं ते सगळं घेऊन बसले होते.

वेळ दोन तासांचा, गुण शंभर. एका गुणाचे दहा प्रश्न, पाच गुणांचे दोन आणि वीस गुणांचे चार. म्हणजे वीस गुणांच्या एका गणिताला फार तर चोवीस मिनिटं मिळतात, तीही वाचण्यासकट. त्या दिवशी कूलिंग टॉवरचं एक गणित होतं. फिरणारं पाणी किती, आत येताना तापमान किती, बाहेर पडताना किती, सांद्रतेचा आकडा किती, एवढं दिलेलं होतं आणि दिवसाला मेक-अपचं पाणी किती लागेल ते विचारलं होतं. हे गणित मी घरी सोडवलेलं होतं. कुठल्या वहीत, तेही आठवत होतं. उजव्या पानावर, निळ्या शाईत, खाली चौकोनात उत्तर. पण ते पान सापडेना. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत ‘मेक-अप’ हा शब्दच नव्हता, कारण प्रकरण कूलिंग टॉवरच्या कामगिरीचं आणि सूत्र बाष्पीभवन आणि ब्लोडाउनच्या परिच्छेदात. मी घड्याळ पाहिलं तेव्हा अकरा मिनिटं गेली होती. पान सापडल्यावर गणित सात मिनिटांत झालं. पुढच्या गणितालाही असंच झालं आणि चौथ्या गणिताचे फक्त आकडे उतरवून मी पेपर दिला.

पास व्हायला प्रत्येक पेपरात पन्नास लागतात. मला त्रेचाळीस मिळाले. बाकीचे तिन्ही पेपर सुटले आणि पुस्तकं जवळ ठेवून दिलेला तेवढा राहिला.

मी सांगली भागातल्या एका साखर कारखान्यात, को-जनरेशनच्या विभागात काम करते. आमचं वर्ष दोन भागांत कापलेलं असतं. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत मोळी पडली की गाळप संपेपर्यंत श्वास घ्यायला वेळ नसतो. मग उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत ओव्हरहॉलिंग, तेव्हा संध्याकाळ तरी आपली असते. त्या संध्याकाळी मी आधी नापास झालेला पेपर पुन्हा सोडवला, घड्याळ न लावता. त्र्याऐंशी गुणांचं बरोबर आलं. म्हणजे विषय येत होता. मला शोधता येत नव्हतं, आणि शोधण्याचा सराव मी एक दिवसही केलेला नव्हता.

पहिली चूक पिशव्यांचीच होती, म्हणून आधी त्या रिकाम्या केल्या. दहा वस्तूंच्या जागी तीन ठेवल्या: चौथं पुस्तक, वाफेचे तक्ते आणि एकच जाड फाइल. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकातली जी पानं चौथ्या पेपराला लागतात त्यांच्या झेरॉक्स फाइलमध्ये गेल्या. तीन वह्यांमधली गणितं फाडून पुन्हा स्वच्छ लिहिली, एका पानावर एकच. मग सगळ्या पानांना कोपऱ्यात लाल शाईनं सलग क्रमांक दिले, १ पासून १८६ पर्यंत. मूळ पुस्तकाचा पानक्रमांक झेरॉक्सवर छापलेला होता, तो व्हाइटनरनं झाकला. हे क्षुल्लक वाटेल, पण एका पानावर दोन क्रमांक असले की घाईत डोळा हमखास चुकीचा क्रमांक उचलतो.

क्रमांक घातल्यावर चार दिवसांनी मला पंख्याचं एक नवं गणित सापडलं आणि मी ते पंख्यांच्या जागी, ७२ च्या पुढे घुसवलं. आता पुढची सगळी पानं एकानं सरकणार. तेव्हापासून नियम केला की नवं पान विषय कुठलाही असो, शेवटीच जाईल, १८७, १८८ असं. फाइल विषयवार राहिली नाही तरी चालतं, कारण विषय जुळवण्याचं काम आता सूचीचं होतं.

सूचीची पहिली खेप मी पुस्तकासारखीच केली. बॉयलर, भट्टी, पंप, पंखे, कॉम्प्रेसर, आणि त्याखाली पोटविषय. बावीस पानं झाली. ती हातात धरूनच कळलं की मी पुस्तकाला आणखी एक पुस्तक जोडलंय. बावीस पानांत शोधायला पुन्हा तेवढाच वेळ लागणार. शिवाय ‘बॉयलर’ या एका शब्दाखाली तेवीस पानक्रमांक होते. त्यांपैकी कुठलं उघडायचं, याचं उत्तर सूचीत नव्हतं.

मग एक गोष्ट करून पाहिली. आधीच्या सहा वर्षांचे पेपर घेतले आणि गणितं न सोडवता प्रत्येक गणितातले दोनच प्रकारचे शब्द लाल पेन्सिलीनं खुणावले: दिलंय काय आणि मागितलंय काय. हे काम दोन संध्याकाळींत झालं. अख्ख्या तयारीत मला सर्वांत उपयोगी पडलं ते हेच. कारण पेपर काढणाऱ्याची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगवेगळी आहे, हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. पेपर म्हणतो, ‘रिसीव्हर भरायला आठ मिनिटं लागली’. पुस्तकात हेच ‘फ्री एअर डिलिव्हरी चाचणी’ या नावाखाली आहे. पेपर म्हणतो, ‘पंपाचा व्हॉल्व्ह अर्धा दाबून चालवतात, त्याऐवजी वेग कमी केला तर वीज किती वाचेल’. पुस्तकात ते प्रवाह, दाब आणि वेगाच्या नियमांत आहे. कारखान्यात काम करणाऱ्या माणसासमोर अडचण येते ती पेपरातल्यासारखीच येते. पुस्तक मात्र शिकवणाऱ्याच्या क्रमानं लावलेलं असतं, शिकताना तोच क्रम बरा पडतो आणि शोधताना तोच आडवा येतो.

म्हणून दुसऱ्या खेपेत सूचीचे शब्द पेपरातून घेतले. ‘रिसीव्हर भरण्याचा वेळ’ हा शब्द ‘र’ मध्ये, ‘मेक-अप पाणी’ हा ‘म’ मध्ये, ‘व्हॉल्व्ह दाबलेला’ हा ‘व’ मध्ये. एकाच पानाकडे दोन-तीन वेगवेगळ्या शब्दांनी जाता येईल अशी सोय ठेवली, पण एका शब्दासमोर दोनापेक्षा जास्त क्रमांक येऊ दिले नाहीत. तिसरा आला की शब्दच फोडायचा. ‘बॉयलर’ असा शब्द सूचीत राहिलाच नाही. त्याऐवजी ‘बॉयलर, वाफ आणि इंधन मोजलेलं दिलंय’ आणि ‘बॉयलर, इंधनाचं पृथक्करण आणि धुराचं तापमान दिलंय’ अशा दोन ओळी झाल्या. पहिली सरळ पद्धतीच्या पानाकडे नेते: वाफेत गेलेली उष्णता भागिले इंधनातली उष्णता. दुसरी अप्रत्यक्ष पद्धतीकडे, जिथं एकेक तोटा मोजून शंभरातून वजा करायचा असतो. काय दिलंय ते वाचलं की पद्धत आपोआप ठरते.

प्रत्येक ओळीला तीन भाग होते: शब्द, पान, आणि तिसऱ्या भागात ‘जपा’. या ‘जपा’ मध्ये मी त्या गणितात स्वतः केलेली चूक लिहायची, चार-पाच शब्दांत. हा भाग कसा जन्माला आला ते सांगते.

पुस्तकातलं बॉयलरचं उदाहरण तेलाचं किंवा कोळशाचं असतं. आमच्याकडे जळतं चिपाड, म्हणजे बगॅस. मी विचार केला की सरावाला आमच्याच बॉयलरचे आकडे घ्यावेत. चिपाडात वजनानं कार्बन २३ टक्के, हायड्रोजन ३.२५, ऑक्सिजन २२, राख पावणेदोन आणि उरलेलं अर्धं, ५० टक्के, पाणी. उष्मांक किलोला २२७० किलोकॅलरी. चिमणीकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन ७ टक्के, धुराचं तापमान १६० अंश, बाहेरची हवा ३० अंश.

पुस्तकाच्या पायऱ्या साध्या आहेत. कार्बनला ११.६ नं गुणायचं. हायड्रोजनमधून ऑक्सिजनचा आठवा भाग वजा करून उरलेल्याला ३४.८ नं गुणायचं. दोन्हींची बेरीज भागिले शंभर. चिपाडाच्या बाबतीत २२ चा आठवा भाग २.७५, म्हणजे हायड्रोजनचा जेमतेम अर्धा टक्का उरतो. उत्तर आलं २.८४. एक किलो चिपाड जाळायला कागदावर २.८४ किलो हवा पुरते. आता जादा हवा: धुरातला ऑक्सिजन भागिले, २१ मधून तोच वजा केल्यावर जे उरेल ते. ७ भागिले १४, म्हणजे निम्मी जादा. प्रत्यक्ष हवा ४.२६ किलो.

इथं मी पुस्तकातला सोपा रस्ता धरला. त्यात धुराचं वजन म्हणजे हवा अधिक एक किलो इंधन, म्हणून ५.२६ किलो. त्याला धुराची विशिष्ट उष्णता ०.२३ आणि तापमानातला फरक १३० नं गुणून उष्मांकानं भागलं. कोरड्या धुरातून जाणारी उष्णता आली ६.९ टक्के. हायड्रोजन जळून होणाऱ्या पाण्याचा तोटा ८.३ टक्के, चिपाडातल्या मूळ पाण्याचा १४.२. भिंतींमधून जाणारी उष्णता आणि न जळलेलं चिपाड यांचे दोन टक्के धरले. कार्यक्षमता साधारण ६८.६.

दुसऱ्या दिवशी हा कागद मी बॉयलर हाउसच्या फोरमनना दाखवला. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचं शिक्षण बॉयलर अटेंडंटच्या दाखल्यापर्यंत, पण आग पाहून चिपाड किती ओलं आहे ते सांगतात. त्यांनी बेरीज-वजाबाकी तपासली नाही. एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ताई, हा एक किलो म्हणजे अख्खं चिपाड ना? त्यात निम्मं पाणी हाय. मग पाण्याचं खाली परत वेगळं कशाला धरलंय?”

मी कागद घेऊन टेबलाशी परत गेले. अण्णांचं बरोबर होतं. कोरड्या धुराच्या ओळीत मी अर्धा किलो पाणी कोरडा धूर म्हणून मोजलं होतं आणि पुढं त्याच पाण्याचा तोटा पुन्हा धरला होता. हायड्रोजनपासून होणाऱ्या ०.२९ किलो पाण्याचंही तसंच. राख तर धुरात जातच नाही असं धरायचं. हे सगळं ५.२६ मधून वजा केलं की कोरडा धूर ४.४५ किलो उरतो आणि त्याचा तोटा ६.९ वरून ५.९ वर येतो. कार्यक्षमता ६९.७. एका टक्क्याचा फरक. तेलाच्या बॉयलरला तीच सूट घेतली तर फारसं बिघडत नाही, कारण तिथं एका किलोमागं एकवीस-बावीस किलो धूर असतो आणि त्यात पाणी किलोभर. चिपाडाला मात्र पाच किलोंत पाऊण किलोहून जास्त पाणीच आहे. पुस्तकातली पायरी चुकीची नव्हती, ती दुसऱ्या इंधनासाठी लिहिलेली होती.

त्या संध्याकाळी सूचीत ओळ लिहिली: ‘बगॅस / ओलं इंधन, धुराचं वजन. पान ४१. जपा: पाणी दोनदा धरू नको.’ आणि मग आधीच्या सगळ्या ओळींवर परत फिरून प्रत्येक गणितात माझं काय चुकलं होतं ते आठवून लिहिलं. वाफेच्या तक्त्यासमोर आलं, ‘आकडे किलोजूलमध्ये, उष्मांक किलोकॅलरीत, आधी ४.१८७ नं भाग’. कॉम्प्रेसरसमोर, ‘दाब गेजचा की निरपेक्ष, आधी पाहा’. कूलिंग टॉवरसमोर, ‘ब्लोडाउन काढताना सांद्रतेच्या आकड्यातून एक वजा’. पान उघडलं की सूत्र मिळतं, पण सूत्र वापरताना आपण कुठं घसरतो ते पानावर छापलेलं नसतं. पूर्वी मी हे पाठ करायचा प्रयत्न करायची आणि ऐन वेळी तेच विसरायची.

बावीस पानांची सूची अशी गाळत गाळत पाच पानांवर आली. एकशे चाळीसच्या आसपास ओळी. ज्या ओळीकडे सरावात मी एकदाही गेले नाही ती काढली. उदाहरणार्थ ८६० हा आकडा, एका युनिट विजेच्या किलोकॅलरी. तो इतक्यांदा लागतो की हातालाच येतो, त्याला सूचीत जागा कशाला? पाठ काय करायचं हे असं वापरातून ठरत गेलं. दहा-बारा आकडे आणि एकक बदलण्याच्या रीती डोक्यात, बाकी सगळं फाइलमध्ये.

रंगीत चिकटपट्ट्यांचा मोह मलाही झाला होता. सुरुवातीला चाळीसेक लावल्या, फाइलची कड झालरीसारखी दिसायला लागली आणि मग एकही पट्टी उठून दिसेना. शेवटी सहा ठेवल्या: सूची, एककांचा तक्ता, बॉयलर, पंप आणि पंखे, कॉम्प्रेसर आणि शीतकरण, आर्थिक गणितं. बाकी पानापर्यंत लाल क्रमांकानं जायचं.

परीक्षेआधीचे तीन आठवडे मी नवीन गणित जवळजवळ सोडवलंच नाही. रात्री जेवणं आटोपली की माझी धाकटी बहीण जुना पेपर घेऊन समोर बसायची, गणित वाचायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. ती वाणिज्य शाखेची, तिला त्यातलं काही कळायची गरज नव्हती. मी फक्त पान उघडून बोट ठेवायचं. पहिल्या रात्री सरासरी सव्वादोन मिनिटं लागत होती. ज्या गणिताला एका मिनिटाहून जास्त लागलं, तिथं मी सूचीत पहिल्यांदा कुठला शब्द शोधला ते ती टिपून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द सूचीत घालायचा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण चुकीच्या शब्दाखाली गेलो तर स्वतःला सुधारायच्या भानगडीत पडू नये, सूची सुधारावी. घाबरलेलं डोकं पुढच्या वेळी पुन्हा त्याच शब्दाकडे धावतं. शेवटच्या आठवड्यात वेळ वीस-पंचवीस सेकंदांवर आला होता.

सूचीलाही मर्यादा आहे आणि ती मला त्याच सरावात दिसली. मी हातानं कधीच न सोडवलेल्या दोन उदाहरणांच्या झेरॉक्स फाइलमध्ये होत्या, एक सिमेंटच्या भट्टीचं. बहिणीनं ते विचारलं, मी पंधरा सेकंदांत पान उघडलं आणि मग पाच मिनिटं त्या पानाकडे बघत बसले. कुठला आकडा कुठून आला तेच लागेना. सापडलेलं पान उपयोगी पडायला आपण त्या पानावरून एकदा तरी पायी गेलेलं असावं लागतं. सिमेंट मी सोडून दिलं आणि ते पानही काढून टाकलं.

दुसऱ्या वेळी पेपर हातात आल्यावर मी पहिली सहा मिनिटं काहीच लिहिलं नाही. चारही मोठी गणितं वाचून प्रत्येकाच्या समासात फाइलचा पानक्रमांक पेन्सिलीनं घातला. तीन गणितांना क्रमांक मिळाले. चौथ्याला मिळाला नाही, म्हणून ते शेवटी ठेवलं. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा पिशवीतून एकामागून एक पुस्तकं काढून मांडीवर ठेवत होता. बॉयलरचं गणित आलं होतं, कोळशाचं, ओलावा कमी. मी पान ४१ उघडलं, ‘जपा’ वाचलं, राख आणि पाणी वजा केलं आणि पुढं गेले. चौथं गणित मला पूर्ण जमलं नाही, तरी त्यासाठी वीस मिनिटं उरली होती आणि तेवढ्यात निम्म्या पायऱ्या झाल्या. या वेळी गुण एकाहत्तर आले.

पुढच्या वर्षी आमच्याच डिस्टिलरीतल्या एका सहकाऱ्याला हा पेपर द्यायचा होता. मी आनंदानं फाइल आणि सूची दोन्हींची झेरॉक्स काढून दिली. पंधरा दिवसांनी तो म्हणाला, “मॅडम, राग मानू नका, पण मला तुमच्या सूचीत काही सापडतच नाही.” तो ‘कंडेन्सेट’ शोधत होता, मी ‘परतीचं पाणी’ लिहिलं होतं. तो ‘इन्सुलेशन’ म्हणत होता, माझ्याकडे ते ‘उघडा पाइप’ या नावानं होतं. त्यानं फाइल ठेवून घेतली, सूची परत केली आणि स्वतःची केली. त्याच्या ‘जपा’ मधल्या चुका माझ्या चुकांपेक्षा अगदी निराळ्या होत्या.

बॉयलरच्या ओळी मात्र मी नंतर एका पुठ्ठ्यावर वेगळ्या लिहून काढल्या आणि कंट्रोल रूममध्ये लावल्या, गाळपाच्या दिवसांत रोजच्या हिशेबाला लागतात म्हणून. परवा अग्निप्रदीपनाच्या तयारीत पुठ्ठा पुसायला काढला. खालच्या कोऱ्या जागेत अण्णांच्या वळणदार अक्षरात, बॉलपेननं, एक ओळ वाढलेली होती. शब्दाच्या जागी ‘यार्डातलं चिपाड’. पानाच्या जागी काहीच नाही. आणि शेवटी: ‘जपा: रात्री पाऊस झाला असेल तर ५० धरू नये, ओलावा मोजून घ्यावा.’